घडीत दडलेले तीन मिलिमीटर

तीन घड्यांचं पत्रक करायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी भागाकाराकडे जातो. ए-फोर कागद आडवा धरला की रुंदी 297 मिलिमीटर. भागिले तीन, म्हणजे प्रत्येक पान 99. हिशोब बरोबर, पण पत्रक चुकीचं. तिन्ही पानं सारखी असली की आत दुमडायच्या पानाची कड नेमकी समोरच्या घडीला जाऊन भिडते. कागदाला जाडी असते आणि घडीलाही थोडी जागा लागते. ती मिळाली नाही की कड मुडपते, पत्रक मधे फुगतं आणि टेबलावर सपाट बसत नाही.

म्हणून आत जाणारं पान थोडं अरुंद ठेवतात. ए-फोरसाठी सोपी विभागणी म्हणजे 100, 100 आणि 97.

हे तीन मिलिमीटर कमी करायचे कुठे, इथे खरी गफलत होते. कागदाची आतली बाजू समोर धरली, तर आत दुमडायचं पान उजवीकडे असतं. तिथली मापं डावीकडून 100, 100, 97. कागद पानासारखा उलटला की तेच पान डावीकडे येतं. म्हणजे बाहेरच्या बाजूची मापं 97, 100, 100. तिथे डावीकडे आत दुमडायचं पान, मधे मागचं पान आणि उजवीकडे मुखपृष्ठ. संगणकावर घडीच्या खुणा आतल्या बाजूला 100 आणि 200 वर लागतात, तर बाहेरच्या बाजूला 97 आणि 197 वर. एकाच खुणा दोन्हीकडे वापरल्या की छापून आल्यावर चूक लगेच ओळखू येते. मागचं पान निळं आणि मुखपृष्ठ पांढरं असेल, तर मुखपृष्ठाच्या डाव्या कडेला तीन मिलिमीटरची निळी पट्टी डोकावते.

अरुंद पान आतल्या बाजूला उजवीऐवजी डावीकडे घेतलं, तर पत्रक उर्दू पुस्तकासारखं उघडतं. उर्दू पत्रकासाठी तेच योग्य. मराठी वाचकाचा हात मात्र मुखपृष्ठाची उजवी कड शोधत राहतो.

मापं जुळली तरी अर्धंच काम झालं. समजा, कोकणातल्या खाडीकाठच्या एका घरगुती निवासाचं पत्रक करायचं आहे. मालकांनी मजकूर दिला: खोल्या, जेवण, आसपासची ठिकाणं, दर, नियम, पत्ता. सजावटकाराने आतल्या तीन पानांवर एकच मोठं शीर्षक पसरवलं: ‘पावसाळ्यात खाडीकाठी चार दिवस’. पहिल्या पानावर ‘पावसाळ्यात’, दुसऱ्यावर ‘खाडीकाठी’, तिसऱ्यावर ‘चार दिवस’. पडद्यावर ते देखणं दिसलं. आत दुमडायच्या पानाच्या बाहेरच्या अंगाला त्याने ‘दर आणि नियम’ टाकले.

आता हे पत्रक हातात घेऊन पाहावं. मुखपृष्ठ उघडलं की वाचकाला एकदम तिन्ही पानं दिसत नाहीत. डावीकडे आतलं पहिलं पान दिसतं आणि उजवीकडे अजून न उलगडलेलं दुमडलेलं पान. म्हणजे तो वाचतो: ‘पावसाळ्यात – दर आणि नियम’. हे दर फक्त पावसाळ्याचे, असा त्याचा समज झाला तर दोष त्याचा नाही.

दुमडलेलं पान वाचकाला मुखपृष्ठाच्या पाठोपाठ दिसतं आणि उघडलं की ते पाठीमागे जातं. म्हणून तिथला मजकूर स्वतंत्र हवा. तिथे सुरू झालेलं वाक्य आत पुढे चालू ठेवता येत नाही, आणि आतल्या मजकुराचा शेवटही तिथे ढकलता येत नाही. या पत्रकात तिथे घराची ओळख आणि अंगणाचा एखादा फोटो शोभेल. आतल्या पहिल्या पानावर खोल्या घ्याव्यात, कारण ते पान आधी या ओळखीच्या शेजारी दिसतं आणि मग मधल्या पानाच्या. दोन्ही जोड्या जमायला हव्यात. मधे जेवण आणि आसपासची ठिकाणं, उजवीकडे दर आणि नियम. पत्ता, फोन आणि नकाशा मागच्या पानावर, म्हणजे पत्रक न उघडताही सापडतात. आणि मोठं शीर्षक तीन पानांवर पसरवायचंच असेल, तर त्याचा पहिला तुकडा एकटाही अर्थ देणारा हवा.

घडीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर मजकूर नसलेला बरा, कारण घडी घालताना कागद किंचित सरकतोच. कागद 170 जीएसएम किंवा त्याहून जाड असेल, तर घडीआधी क्रीझिंग करून घ्यावं. नाहीतर गडद रंग घडीवर तडकून खालचा पांढरा कागद दिसतो.

हे सगळं पडद्यावर कळत नाही. घरच्या प्रिंटरवर दोन्ही बाजू छापाव्यात. आडव्या पानासाठी आखूड कडेवर उलटण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर एक बाजू उलटी येते. मग खुणांवर घडी घालून ती प्रत पत्रक आधी न पाहिलेल्या कुणाच्या तरी हाती द्यावी आणि काहीही न सांगता तो कोणत्या क्रमाने वाचतो ते पाहावं. हजार प्रतींची ऑर्डर त्यानंतरच द्यावी.