बी-३०४ मध्ये आलेल्यांना पहिला निरोप

टेम्पो खाली उभा असतो, लिफ्टमध्ये कपाट मावत नसतं, स्वयंपाकघराची खोकी कुठल्या खोलीत गेली ते कुणालाच ठाऊक नसतं. नव्या घरातल्या अशा पहिल्या संध्याकाळी माणसाला सोसायटीचे नियम नको असतात. पाणी कधी येतं, कचरा कुठे द्यायचा, गाडी कुठे लावायची आणि अडलं तर कुणाला विचारायचं, एवढं कळलं की त्याची रात्र निभावते. सोसायटीच्या ग्रुपची अ‍ॅडमिन जो स्वागताचा निरोप लिहिते, त्याचं खरं काम हेच आहे.

पुण्यामुंबईच्या ग्रुपांवर मात्र बऱ्याचदा निराळाच मजकूर पडतो. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, बी-३०४ मध्ये नवीन भाडेकरू राहावयास आले आहेत. त्यांनी नियमांचे काटेकोर पालन करावे.’ खाली अकरा कलमं, शेवटी दंडाची रक्कम. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो; नोटीस बोर्डाची भाषा हाताला सवयीची असते, तीच मोबाईलमध्ये उतरते. पण ज्यांचं स्वागत करायचं, ते त्याच ग्रुपमध्ये बसून स्वतःबद्दलची सूचना वाचत असतात. शिवाय घर भाड्याचं की मालकीचं, हे सगळ्या इमारतीला पहिल्याच ओळीत सांगायचं काही कारण नसतं. निरोप येणाऱ्यांना उद्देशून लिहिला की निम्मं काम तिथेच होतं.

दंडाची ओळ तर अ‍ॅडमिनने लिहूच नये. ग्रुप चालवणारी व्यक्ती आणि सोसायटीचे सचिव एकच असतील असं नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये अ‍ॅडमिनच्या अधिकारांची मर्यादा स्पष्ट केली होती. सभासदांना ग्रुपमध्ये घेणं आणि काढणं एवढंच त्याच्या हाती असतं आणि संगनमत नसेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. वर्गणी, दंड, थकबाकी हा व्यवस्थापन समितीचा कारभार आहे. तो समितीच्या पत्रातून जावा.

आता एक निरोप लिहून पाहू. समजा, कोथरूडमध्ये तीन विंगांची सोसायटी आहे. मंगळवारी दुपारी बी-३०४ मध्ये देशमुख कुटुंब आलं. अ‍ॅडमिनने आधी जिन्यात भेटून विचारलं, ‘ग्रुपमध्ये घेऊ ना? नंबर सगळ्यांना दिसेल.’ हे विचारणं आवश्यक आहे, कारण ग्रुपमध्ये आल्याबरोबर फोन नंबर सगळ्या घरांपुढे उघडा होतो. काहींनी तर आपल्याला परस्पर कुणी जोडू नये, अशी सेटिंग ठेवलेली असते. त्यांना आमंत्रणाची लिंक पाठवावी लागते. देशमुखांनी होकार दिला आणि संध्याकाळी हा निरोप गेला:

‘नमस्कार देशमुख मंडळी, बी विंगमध्ये तुमचं मनापासून स्वागत 🙏😊
मी तुमच्या वरच्याच मजल्यावर राहते, बी-४०४. ग्रुपचं काम मी बघते.
💧 पाणी सकाळी ६ ते ७.३० आणि संध्याकाळी ६ ते ७. या गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद आहे, बुधवारी संध्याकाळीच भरून ठेवा.
♻️ कचरा सकाळी ८ वाजता ताई दारातून नेतात. ओला आणि सुका वेगळा ठेवा.
🚗 तुमची पार्किंगची जागा बी-७.
लिफ्ट अडकली तर वॉचमनकाकांना हाक मारा. कंपनीचा नंबर लिफ्टमध्येही लावला आहे.
आज स्वयंपाकाच्या फंदात पडू नका, आठ वाजता पोळीभाजी पाठवते 🌸’

यात काय नाही ते पाहण्यासारखं आहे. घरात किती माणसं, कोण कुठे नोकरी करतं, मुलगी कितवीत आहे, यातलं काहीच नाही. जिन्यात बोलताना कळलेल्या गोष्टी ग्रुपवर टाकायच्या की नाही, हे त्या कुटुंबाने ठरवायचं. गुरुवारची सूचना मात्र मुद्दाम घातली आहे. दुरुस्तीच्या कामांसाठी पुण्यात अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असतं. जुन्या रहिवाशांना ते सवयीचं, नव्या माणसाला ते नळ कोरडा पडल्यावर कळतं. ‘वर मेसेज आहे, बघा’ असं सांगूनही भागत नाही, कारण ग्रुपमध्ये नव्याने येणाऱ्याला आधीचे मेसेज सहसा दिसत नाहीत. त्याला ग्रुपचं वर्णन दिसतं. म्हणून लांबलचक माहिती, म्हणजे उपविधीची प्रत, क्लबहाऊसच्या वेळा, प्लंबर-इलेक्ट्रिशियनचे नंबर, त्या वर्णनात किंवा तिथे दिलेल्या लिंकवर ठेवावी. स्वागताच्या निरोपावर तिचा भार नको.

इमोजींचं काम इथे दोन प्रकारचं आहे. 💧, ♻️ आणि 🚗 ओळीच्या सुरुवातीला आहेत. घाईत मजकूर चाळणाऱ्याचं बोट नेमक्या ओळीवर थांबावं, यासाठी ते लागतात. 🙏, 😊 आणि 🌸 आवाजातला ओलावा आणतात. फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे ‘वेगळा ठेवा’ हे शब्द हुकमासारखे वाटू शकतात. आधीच्या ओळीतल्या हसऱ्या चेहऱ्यामुळे तेच सांगणं शेजारणीचं वाटतं.

फूल निवडताना मात्र जपावं. 💐 हा गुच्छ मराठी ग्रुपांवर वाढदिवसालाही जातो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’लाही. सकाळी ए विंगमधल्या आजोबांच्या निधनाची बातमी आली असेल आणि खाली वीस गुच्छ पडले असतील, तर संध्याकाळी नव्या कुटुंबाला तोच गुच्छ देणं कुणालाच बरं वाटत नाही. अशा दिवशी ग्रुपवरचं स्वागत दुसऱ्या दिवसावर टाकावं आणि पाण्याच्या वेळा देशमुखांना खासगीत कळवाव्यात. पणतीचं 🪔 हे चित्र दिवाळीच्या दिवसांत छान दिसतं, पण ते इमोजींच्या यादीत २०१९ साली आलं. त्याआधीच्या, अद्ययावत न केलेल्या फोनवर तिथे नुसता रिकामा चौकोन उमटतो. दृष्टी अधू असलेले अनेकजण फोनकडून मजकूर वाचून घेतात. तो फोन प्रत्येक चित्राचं नाव उच्चारतो, त्यामुळे ओळीच्या मध्येच चित्रं पेरली की वाक्य तुटतं. सहा-सात चित्रं पुरे झाली, आणि तीही ओळीच्या टोकाला.

निरोप गेल्यावर तो हरवतो, ही अडचण फार जणांच्या लक्षात येत नाही. अर्ध्या तासात तीस घरांचं ‘स्वागत’ येतं, त्यावर कुणीतरी गणपतीच्या वर्गणीचा विषय काढतं, आणि पाण्याची वेळ पार वर जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस पिन करता येतो. स्वागताला ७ दिवस योग्य, तोवर घर लागलेलं असतं. शिवाय तोच मजकूर देशमुखांना खासगीत पाठवून ठेवला, तर बुधवारी संध्याकाळी त्यांना शोधाशोध करावी लागत नाही.

भाड्याचे करार बहुतेक ११ महिन्यांचे असतात, त्यामुळे त्याच घरासाठी वर्षभरात पुन्हा असा निरोप लिहायची वेळ येते. जुना मजकूर जपून ठेवणं सोयीचं आहे, पण तसाच्या तसा पाठवणं धोक्याचं. उन्हाळ्यात पाण्याच्या वेळा बदलतात, लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे जातं, पार्किंगच्या जागांची अदलाबदल होते. पाठवण्याआधी पाण्याची वेळ वॉचमनकाकांकडून आणि पार्किंग सचिवांकडून पडताळून घ्यावं. त्याच वेळी ग्रुपची यादीही पाहावी. आधीचे भाडेकरू अजून तिथेच असतील, तर त्यांचा निरोप घेऊन त्यांना काढावं, नाहीतर देशमुखांच्या कुरिअरबद्दलचा प्रश्न हिंजवडीत राहायला गेलेल्या माणसाच्या फोनवर वाजत राहतो.