पेलाभर रक्त

बेल्ह्याचे आजोबा पहिल्यांदाच डायलिसिसला आले होते. नळ्या लालभडक झाल्या तशी त्यांनी मशीनजवळच्या ताईचा हात घट्ट धरला. "पोरी, समदं रगात काढून घेतंय का गं हे?"

"नाही आजोबा. अंगात रक्त पाचेक लिटर. बाहेर एका वेळी जेमतेम पेलाभर. गाळणीतून साफ होऊन लगेच परत अंगात."

"मग आज दोनच तास का?"

"पहिल्याच दिवशी रक्त झपाट्यानं साफ केलं, तर मेंदूत पाणी शिरतं. डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सांगा हं."

तासाभरानं आजोबा पुटपुटले, "मळमळतंय गं." ताईनं रक्तदाब मोजला, मशीनचा वेग कमी केला, डॉक्टरांना बोलावलं. हळूहळू मळमळ थांबली, पकडही सैल झाली. मग आजोबांनी सोमवारचा बैलबाजार सांगायला घेतला!