नकाराचं पत्र

भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं पर्चेस सांभाळलं. पंपांचे सुटे भाग बनायचे आणि ते पाच-प्लायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून बाहेर जायचे. महिन्याला 2,000 खोकी लागायची. एका वर्षी नव्या पुरवठादाराने खोक्यांचं कोटेशन दिलं. स्वतः येऊन मापं घेतली आणि चार नमुने करून आणले. त्याला मी ईमेलने जे उत्तर पाठवलं ते असं होतं:

“आपले दर फार जास्त आहेत. असे कोटेशन पाठवून आमचा वेळ घेऊ नये. आपले कोटेशन रद्द समजावे.”

पत्र उद्धट आहे हे कोणालाही दिसेल. मला त्यातला दुसरा दोष जास्त बोचतो. पत्रात दिलेलं कारण खोटं होतं.

त्याचा दर खोक्यामागे 46 रुपये होता, गाडीभाडं वेगळं. ज्यांना ऑर्डर दिली त्यांचा दर 48 रुपये 50 पैसे, आमच्या दारात पोहोच आणि 45 दिवसांचं क्रेडिट. नव्या माणसाची अट होती की एका खेपेला किमान 5,000 खोकी घ्यायची आणि निम्मे पैसे ॲडव्हान्स द्यायचे. खेपेच्या गाडीला 6,500 रुपये भाडं, म्हणजे खोक्यामागे 1 रुपया 30 पैसे. ॲडव्हान्स माल येण्याच्या 20 दिवस आधी आणि उरलेले पैसे माल आल्याबरोबर. म्हणजे दुसऱ्या पार्टीच्या मानाने आमचे पैसे सरासरी 55 दिवस जास्त अडकणार होते. बँकेचं व्याज 12 टक्के धरलं तर त्याचे साधारण 83 पैसे होतात. सगळं धरून त्याचं खोकं 48 रुपये 13 पैशांना पडत होतं. दर जास्त नव्हताच, उलट 37 पैसे कमी होता.

नकाराचं खरं कारण गोदामात होतं. आमच्याकडे कोरडी जागा जेमतेम 2,500 खोक्यांची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला दमटपणा पुठ्ठ्यात शिरतो, कागद मऊ पडतो आणि थप्पीतलं तळाचं खोकं वरचा भार पेलत नाही. जास्तीची 2,500 खोकी शेडच्या पडवीत ठेवली असती तर त्यातली बरीच भाग भरायच्या आधीच बसली असती. “तुमची खेप आमच्या जागेत मावत नाही” एवढं एक वाक्य पुरेसं होतं. मी मात्र हाताशी असलेलं नेहमीचं वाक्य लिहिलं, कारण पर्चेसच्या माणसाला “दर जास्त आहे” म्हणताना विचार करावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “साहेब, दर जास्त म्हणालात ना? दोन रुपये कमी करतो.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दिलेलं कारण त्याने दूर केलं होतं, आणि आता दुसरं कारण काढलं तर पहिलं खोटं ठरणार होतं. मी म्हणालो, “बघू, कळवतो.” त्यानंतर त्याने आणखी चार वेळा फोन केला. म्हणजे इतक्या कठोर शब्दांत दिलेला नकार एका दिवसात सैल झाला. पत्राचा सूर आणि निर्णयाचा पक्केपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे कळलं.

पुढच्या वर्षी आमच्या नेहमीच्या पुरवठादाराचा बॉयलर बंद पडला. पुठ्ठ्याच्या नाळ्या पाडायला वाफ लागते, त्यामुळे त्यांची लाइनच थांबली. आम्हाला चार दिवसांत 2,000 खोकी हवी होती. मी त्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “तुमचा वेळ घेऊ नये असं तुम्हीच लिहिलं होतं.” त्याने कोटेशन दिलं नाही.

ते पत्र आता मी पुन्हा लिहायला घेतलं तर आधी दुसऱ्या टोकाचा मोह आवरावा लागेल. मऊपणाच्या नावाखाली आपल्याकडे साधारण असं लिहिलं जातं: “आपल्या कोटेशनबद्दल मनःपूर्वक आभार. सध्या ऑर्डर देणे थोडे अवघड वाटत आहे. पुढे नक्की विचार करू.” वाचायला गोड आहे, पण यात नकार कुठे आहे? “सध्या” म्हणजे पुढच्या आठवड्यात चालेल का? “थोडे अवघड” म्हणजे कशाने सोपं होईल? “नक्की विचार करू” या शब्दांवर एखादा छोटा कारखानदार कागदाची रिळं मागवून ठेवतो. “बघू” आणि “कळवतो” यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात “नाही” असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात “कदाचित”. समोरासमोर बसल्यावर चेहऱ्यावरून थोडंफार उमगतं. कागदावर तेही नाही.

म्हणून शब्द कुठले काढायचे आणि कुठले ठेवायचे हे नीट पाहावं लागतं. पत्रातला कडवटपणा बहुतेक वेळा विशेषणांत असतो: फार जास्त, अवास्तव, असले, निकृष्ट. ती काढली की पत्र निम्मं निवळतं, आणि निर्णयाला धक्का लागत नाही. पक्केपणा क्रियापदात असतो. “स्वीकारता येत नाही” यात आजही काही हालू शकेल असा भास आहे. “ऑर्डर दिली आहे” हे घडून गेलेलं आहे, त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. तिसरी गोष्ट कर्त्याची. “तुम्ही मोठी खेप मागता” असं म्हटलं की बोट त्याच्याकडे जातं. “आमच्याकडे जागा नाही” म्हटलं की अडचण आपली होते. इथे तर ती खरोखरच आपली होती.

असा विचार करून लिहिलेलं पत्र हे:

“सप्रेम नमस्कार. पाच-प्लाय खोक्यांचे आपले 12 जूनचे कोटेशन आणि नमुने मिळाले. नमुने तपासले, कागद आणि स्टिचिंग आमच्या मागणीप्रमाणे आहेत. या वर्षाची ऑर्डर आम्ही दुसऱ्या पुरवठादाराला दिली आहे, त्यामुळे आपले कोटेशन स्वीकारलेले नाही.

कारण खेपेचे आहे. आपल्या अटीप्रमाणे एका वेळी किमान 5,000 खोकी घ्यावी लागतात. आमच्या गोदामात 2,500 पेक्षा जास्त खोक्यांना कोरडी जागा नाही आणि पावसाळ्यात ती बाहेर ठेवता येत नाहीत. दरामुळे हा निर्णय झालेला नाही, तरी कृपया सुधारित दर पाठवू नयेत.

पुढील वर्षाची चौकशी मार्चमध्ये पाठवू. तोपर्यंत 2,000 च्या खेपा देणे आपल्याला शक्य झाल्यास जरूर कळवावे. मापे घेण्यासाठी आपण स्वतः आलात आणि नमुने करून दिलेत, त्याबद्दल आभारी आहोत.”

नमुन्यांचं कौतुक मी नकाराच्या आधी ठेवलं आहे, पण एकाच वाक्यात आणि तपासलेल्या गोष्टीपुरतं. नमुना तपासला नसेल तर ते वाक्य लिहू नये. “आपली गुणवत्ता उत्तम आहे” असं मोघम लिहून पाठोपाठ नकार दिला की समोरच्याला ते लगेच उमगतं. नकार तिसऱ्या-चौथ्या वाक्यात यायला हवा. दोन परिच्छेद आभार मानून मग “परंतु” आला तर वाचणाऱ्याला तेवढा वेळ आपण उगाच आशेवर ठेवलेलं असतं.

“सुधारित दर पाठवू नयेत” हे वाक्य काहींना रुक्ष वाटतं. पत्रातलं सगळ्यात उपकारक वाक्य मी त्यालाच म्हणेन. ते नसेल तर तो माणूस रात्री बसून पुन्हा हिशेब करतो, कमी होण्यासारखं नसतानाही दोन रुपये कमी करतो आणि सकाळी फोन करतो. अगदी माझ्या त्या पुरवठादारासारखा.

दर हेच खरं कारण असेल तर? तसं स्पष्ट लिहावं, पण दुसऱ्या पार्टीचं नाव किंवा आकडा सांगू नये. त्यांनी आपला दर आपल्याला विश्वासाने दिलेला असतो. शिवाय आकडा कळला की “मी 50 पैसे कमी देतो” असं सुरू होतं आणि दिलेली ऑर्डर पुन्हा लिलावात निघते. “गाडीभाडे आणि पैशांची मुदत धरून आपला दर आमच्या निवडलेल्या दरापेक्षा जास्त पडला, फरक मुख्यतः भाड्यात आहे” एवढं पुरतं. फरक कुठे पडला ते कळलं की पुढच्या वेळी त्याला त्यावर काम करता येतं. “10 टक्के कमी केलेत तर घेऊ” हे मात्र नकाराच्या पत्रात कधी लिहू नये. 1872 च्या भारतीय करार कायद्यात स्वीकार संपूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. असं वाक्य म्हणजे ना स्वीकार ना नकार. तो आपण त्याच्यापुढे मांडलेला नवा प्रस्ताव होतो, आणि त्याने “ठीक आहे” म्हटलं तर आपण दोन पार्ट्यांमध्ये अडकतो.

सरकारी खरेदीत कारण सांगणं आपल्या मर्जीवर सोडलेलं नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे, बोली नाकारली तर बोली लावणाऱ्याला त्यावर प्रश्न विचारता येईल अशी सोय निविदेतच ठेवायची असते. खासगी कारखान्यावर असं बंधन नाही, त्यामुळे तिथे कारण चटकन गळून जातं.

पत्र कधी पाठवायचं, यातही चूक होते. ज्याला ऑर्डर दिली त्याने ती मान्य केल्याचं लेखी येईपर्यंत दुसऱ्याला नकार कळवू नये. एकदा “नाही” म्हटलं की तो जुन्या दराला बांधलेला राहत नाही. पहिला ऐन वेळी फिरला तर दुसऱ्याकडे नव्याने जावं लागतं. पण कोटेशनची 30 दिवसांची मुदत उलटेपर्यंत गप्प बसणंही बरं नाही. त्याने आपल्यासाठी कागदाचा भाव धरून ठेवलेला असतो, मशीनचे तास राखलेले असतात. मान्यता आली की त्याच दिवशी इतरांना कळवावं.

ज्याने नमुने करून दिले त्याला पत्राआधी फोन करावा असं माझं मत आहे. फोनवर नवीन काही बोलायचं नाही, पत्रातलंच सांगायचं आणि त्याच क्रमाने: ऑर्डर दुसरीकडे गेली, कारण खेपेचं. “थोडं ॲडजस्ट करतो ना साहेब” असं आलं तर कारण तेच पुन्हा सांगायचं, नवं काढायचं नाही. मग विचारायचं, “दोन हजारांची खेप तुम्हाला का परवडत नाही?” हा प्रश्न मी त्या माणसाला विचारला असता तर कदाचित कळलं असतं की त्याची अडचण गाडीची आहे. दोन हजार खोक्यांसाठी छोटी गाडी 4,000 रुपयांना मिळत होती. तेव्हा ती चौकशी मी केली नव्हती.