न दिसणाऱ्या आकड्यावर ठरलेले व्याजदर

१९७५ सालच्या जानेवारीत अमेरिकेतली बेकारी ८ टक्क्यांवर गेली होती. अशा वेळी मध्यवर्ती बँकेला एक प्रश्न सोडवावाच लागतो: महागाई न भडकवता देश जेवढं उत्पादन करू शकतो, त्यापेक्षा आत्ताचं उत्पादन किती कमी आहे? त्या कुवतीला अर्थशास्त्रात संभाव्य उत्पादन म्हणतात आणि प्रत्यक्ष उत्पादन त्याहून जितकं कमी-जास्त, तितकी उत्पादन तफावत. तफावत मोठी असेल तर व्याजदर उतरवून मागणी वाढवायला हरकत नसते. ती नसेलच, तर स्वस्त कर्जाचा पैसा थेट भाववाढीत जातो.

अडचण अशी की प्रत्यक्ष उत्पादन निदान मोजता तरी येतं. कुवत मात्र कुठल्याही मीटरवर दिसत नाही, ती अंदाजानेच काढावी लागते.

आर्थर ओकुन यांनी १९६२ मध्ये त्यासाठी एक सोपा हिशेब मांडला होता. ४ टक्के बेकारी म्हणजे सगळे कामाला लागलेले, असं धरायचं. त्यावर बेकारी १ टक्क्याने वाढली की उत्पादन कुवतीपेक्षा सुमारे ३ टक्के कमी समजायचं. हा हिशेब १९७५ ला लावून पाहा. ८ टक्के बेकारी म्हणजे पातळीच्या वर ४ टक्के, म्हणून तफावत साधारण १२ टक्के. एवढी खोल मंदी असताना व्याजदर चढवायला कोण धजावेल?

पण तो ४ चा आकडाच जुना झाला होता. महागाई न वाढता टिकू शकणारी बेकारी ६ टक्क्यांच्या आसपास सरकली होती, हे बऱ्याच नंतर मान्य झालं. ६ धरून तोच हिशेब केला, तर तफावत १२ ऐवजी ६ टक्के येते. म्हणजे मंदी खरी, पण निम्मीच. शिवाय १९७३ नंतर कामगारामागे होणाऱ्या उत्पादनाची वाढ मंदावली. कुवत दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढते असं धरलं आणि ती प्रत्यक्षात ३ नेच वाढली, तर पहिल्या वर्षी चूक १ टक्क्याचीच असते आणि ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पाच वर्षांत मात्र ती ५ टक्क्यांवर जाते.

या चुकीची व्याजदरातली किंमत काढता येते. स्टॅनफर्डच्या जॉन टेलर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रात तफावतीतल्या प्रत्येक टक्क्यामागे व्याजदर अर्धा टक्का हलतो. म्हणजे तफावत ६ टक्क्यांनी चुकली की दर ३ टक्क्यांनी चुकला. भाव चढत असताना दर इतका खाली ठेवणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

फेडरल रिझर्व्हमध्ये संशोधक असलेले अथानासिओस ओर्फानिदेस यांनी पुढे त्या काळात अधिकाऱ्यांसमोर असलेले आकडेच गोळा केले, नंतर दुरुस्त झालेले नव्हेत. त्यांचा निष्कर्ष असा की अध्यक्ष आर्थर बर्न्स यांच्या काळातले निर्णय त्या आकड्यांच्या हिशेबाने फारसे वावगे नव्हते. चुकीचे होते ते आकडे. निक्सन यांनी निवडणुकीसाठी बर्न्सवर दबाव आणला, याकडेही अनेक जण बोट दाखवतात आणि तो मुद्दा मला सोडवत नाही. पण एकट्या दबावाने अख्खं दशक बिघडत नाही.

चूक लवकर ओळखता आली नसती का? एक खूण असते. तफावत एवढी मोठी असूनही महागाई हटत नसेल, तर तफावतीवरच शंका घ्यावी. मात्र १९७१ पासून भावांवर आणि पगारांवर सरकारी नियंत्रण होतं, आणि ते उठायच्या सुमारास तेलाचे भाव भडकलेले होते. सगळा दोष तेलावर टाकणं सोपं झालं. अखेर १९७९ मध्ये आलेल्या पॉल व्होल्कर यांच्या कारकिर्दीत दर २० टक्क्यांच्या घरात गेले आणि १९८२ च्या अखेरीस बेकारी १० टक्क्यांवर पोचली.

आजची गणितं ओकुनच्या हिशेबापेक्षा खूप पुढची आहेत. आकड्यांच्या मालिकेतून चढउतार गाळून कल काढणारे फिल्टर आले. पण ओर्फानिदेस आणि सायमन व्हॅन नॉर्डेन यांनी २००२ मध्ये तपासलं, तेव्हा नंतर होणारी दुरुस्ती जवळपास तफावतीइतकीच मोठी निघाली. कारण साधं आहे. मधल्या एखाद्या वर्षाचा कल ठरवताना मागचीही वर्षं हाताशी असतात आणि पुढचीही. शेवटच्या तिमाहीला पुढचं काहीच नसतं, आणि दर ठरवायचा असतो तो नेमका त्याच तिमाहीवर. ही घसरण मंदावलेल्या कुवतीची की तात्पुरती, हे दोन-तीन वर्षं गेल्यावरच कळतं.

म्हणून ओर्फानिदेस यांनी सुचवलं, की तफावत किती आहे यापेक्षा ती वाढतेय की घटतेय हे पाहून दर थोडा थोडा हलवावा. पातळी चुकली तरी तीच चूक या तिमाहीत आणि मागच्या तिमाहीत असेल, तर वजाबाकीत ती बरीचशी निघून जाते. कुवत वाढण्याचा वेगच चुकीचा धरला असेल, तर मात्र ती चूक थोडीफार उरतेच. आणि मंदी खरोखरच खोल असेल, तर उत्पादन सावरायला लागल्याबरोबर हा नियम दर चढवायला सांगतो, हजारो लोक अजून कामाविना असले तरी.