पडद्यावरचा निळा कपावर जांभळा का होतो?

मी एका मोराचं चित्र केलं होतं. पार्श्वभूमी विजेसारखी निळी, पिसांच्या टोकांना पोपटी झळाळी. संगणकाच्या पडद्यावर ते पेटल्यासारखं दिसायचं. तेच चित्र कॉफीच्या कपावर उतरून हातात आलं, तेव्हा निळ्याचा जांभळा झाला होता आणि पोपटी रंगावर शेवाळ धरल्यासारखं वाटत होतं. मला फार वाईट वाटलं. छपाईवाल्याचं काही चुकलंय असं मी धरून चालले होते, पण चूक माझ्या फाइलमध्ये होती.

पडदा स्वतः उजेड फेकतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तो रंग बनवतो. शाई उजेड फेकत नाही. पांढऱ्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या उजेडातला काही भाग ती गिळते आणि उरलेला आपल्याला दिसतो. त्यामुळे पडद्यावरचे सर्वांत झगमगीत रंग शाईच्या आवाक्याबाहेर राहतात. शुद्ध निळा म्हणजे 0,0,255. छपाईत तो आकाशी आणि गुलाबी शाई एकमेकींवर चढवून करावा लागतो. फोटोशॉपमध्ये अमेरिकी ऑफसेट छपाईचं जुनं प्रोफाइल लावून हा रंग बदलला, तर साधारण 88 टक्के आकाशी आणि 77 टक्के गुलाबी असं प्रमाण येतं. इतकी गुलाबी पडली की डोळ्याला जांभळंच दिसणार.

कपावर बहुधा सब्लिमेशननं छापतात. चित्र आधी कागदावर उलटं छापायचं, कपाला घट्ट गुंडाळायचं आणि प्रेसमध्ये सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवायचं. शाईची वाफ होऊन ती कपावरच्या प्लास्टिकसारख्या लेपात मुरते. कागदावरचे रंग मरगळलेले दिसतात, ते पाहून घाबरू नये. खरा रंग तापल्यावरच उघडतो. उष्णता किंवा वेळ जास्त झाली, तर मात्र काळा तपकिरीकडे झुकतो. काळा बिघडलेला दिसला की आधी प्रेस तपासावी, फाइल नंतर.

माझी चूक अशी, की छपाईला पाठवायचं म्हणून चित्र मी आधीच चार शायांच्या, म्हणजे सीएमवायके पद्धतीत बदलून दिलं. सब्लिमेशनच्या बहुतेक प्रिंटरांना आरजीबी फाइलच लागते. शाईत रूपांतर प्रिंटरचं प्रोफाइल करतं. म्हणजे माझे रंग दोनदा बदलले, आणि पहिल्याच खेपेला जी झळाळी गेली ती पुन्हा येण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या वेळी sRGB मधली मूळ फाइल काढली आणि छपाईवाल्याकडून त्या शाई-कागदाचं प्रोफाइल मागून घेतलं. फोटोशॉपच्या `Proof Setup` मध्ये ते निवडून `Proof Colors` सुरू केलं की छापल्यावर रंग कसे दिसतील याचा अंदाज पडद्यावरच येतो. `Gamut Warning` लावलं तर आवाक्याबाहेरचे भाग राखाडी होतात. माझी जवळजवळ सगळी पिसं राखाडी झाली!

इथे एक निवड करावी लागते. `Relative Colorimetric` आवाक्यातले रंग तसेच ठेवतं आणि बाहेरच्यांना काठावर आणून बसवतं. सपाट रंगांच्या चित्राला ते बरं. पण झळाळीच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून तिथे ठिगळ दिसू लागतं. `Perceptual` सगळेच रंग थोडे आकसून घेतं, पण पायऱ्या राखतं. पिसांसाठी मी दुसरं घेतलं.

तरीही निळ्याचा प्रश्न होताच. म्हणून एका कपावर फक्त चौकोन छापून घेतले: 0,0,255, मग 0,40,235, मग 0,70,220, मग 0,90,205. हिरवा वाढत गेला तशी गुलाबी शाई कमी पडत गेली. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहिलं तर तिसरा चौकोन मला हवा तसा निळा होता. हे आकडे त्या एका यंत्राचे. दुसऱ्या ठिकाणी चौकोन पुन्हा छापावे लागतील.

पोपटीची झळाळी कोणत्याही आकड्यानं आली नसती. ती मी शेजारून मिळवली. पिसांभोवतीची निळाई आणखी गडद केली आणि मोराच्या अंगावरचे इतर हिरवे थोडे करडे केले, म्हणजे टोकांचा साधा पोपटीही उजळ वाटू लागला. अगदी टोकाला बारीक जागा कोरी सोडली. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते, कपाचा पांढराच पांढरा असतो, आणि त्याहून उजळ तिथे काहीच नाही.

हाच मोर काळ्या सुती टी-शर्टवर घ्यायचा तर सब्लिमेशन चालत नाही. त्यासाठी स्क्रीन प्रिंटिंग करावं. त्यात प्रत्येक रंगाची वेगळी जाळी असते, म्हणून पोपटीसाठी चक्क फ्लुरोसंट शाईचा डबा उघडता येतो. तिच्याखाली पांढऱ्या शाईचा थर हवा, नाहीतर काळं कापड रंग पिऊन टाकतं. ही शाई उन्हात इतरांपेक्षा लवकर फिकी पडते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवते.