सूनबाई, तुम्हीही बोला की!

रिसेप्शनला सासरे माइक घेऊन सुनेचं कौतुक करतात आणि मग कुणीतरी तोच माइक तिच्यापुढे धरतं. पूर्वी अशा वेळी उखाणा घेतला की सुटका व्हायची. आता चार वाक्यं बोलावी लागतात, आणि ती सासऱ्यांच्या बोलण्याला धरून असावी लागतात. घरून पाठ केलेलं भाषण इथे लगेच उघडं पडतं.

समजा, सासरे म्हणाले, "आम्हाला मुलगी नव्हती, ती आज मिळाली. आमच्याकडे सकाळचा चहा मी करतो, तिला तो आयता मिळेल." यातलं पहिलं वाक्य उचलण्याचा मोह होतो. पण "मी तुमची मुलगीच होईन" म्हणावं, तर पहिल्या रांगेत जन्मदाते वडील बसलेले. शिवाय अशी वचनं भर मांडवात कशाला द्यायची? चहा मात्र बिनधोक आहे. तो धरून असं बोलता येईल:

"बाबा, इतक्या मायेनं बोललात, खूप बरं वाटलं. चहाचं लक्षात ठेवलंय. रविवारचा मात्र मी करणार, आणि त्यात आलं जरा जास्त असेल. साखरपुड्याला मी बावरून गप्प बसले होते, तेव्हा आजींनी काही न विचारता मला शेजारी बसवून घेतलं. ते मी विसरणार नाही. मनात असेल ते बोलायचं, हे मला आई-पप्पांनी शिकवलंय. इथेही तसंच बोलेन, चुकलं तर हक्कानं सांगा. तुम्ही सगळे आलात, आनंद झाला. जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका."

सावकाश बोललं, मध्ये लोक हसले, तरी हे मिनिटभरात संपतं. यात नाव घेऊन आभार फक्त दोघांचे आहेत. यादी वाचायला गेलं की एखादी काकू हटकून राहते, आणि ते पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकावं लागतं. आजींचा प्रसंग खरा हवा, कारण त्या समोरच बसलेल्या असतात.

गळा दाटतो तो माहेरच्या उल्लेखाशी. म्हणून तो अगदी शेवटी ठेवू नये. एका वाक्यात उरकून पाहुण्यांकडे वळलं की आवाज सावरतो. डोळे भरलेच तर थांबावं, लोक थांबतात. सासरी-माहेरी दोन्हीकडे 'बाबा'च म्हणत असाल, तर "माझे बाबा" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर दोघेही मान डोलावतात.

हिरवा चुडा माइकपाशी फार वाजतो. कोपर अंगाला टेकवून हात स्थिर ठेवला, तर शब्द ऐकू येतात. कागद नको, शालूत तो ठेवणार कुठे?

या उत्तरात नवऱ्याचा उल्लेख नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. मागच्या रांगेतून "नाव घ्या, नाव घ्या" असा ओरडा होणारच असतो. त्यासाठी एक उखाणा तयार असू द्यावा.