पहिला परिच्छेद प्रसंगात आणताना

कथास्पर्धेला येणाऱ्या कथांत एक सुरुवात हमखास भेटते. ‘सुमनचा जन्म सधन शेतकरी कुटुंबात झाला. तिला दोन धाकटे भाऊ होते. लग्न होऊन ती पुण्याला आली. मागच्या वर्षी वडील वारले आणि जमिनीचा प्रश्न निघाला.’ चार वाक्यांत चाळीस वर्षं उलटली, पण सुमन आपल्याला एकदाही दिसली नाही. शब्दमर्यादा दोन हजारांची असेल, तर ही उधळपट्टी फार महाग पडते.

असा परिच्छेद सुधारताना त्यातले शब्द घासूनपुसून उपयोग नाही. कथा पुढे वाचत जावं आणि सुमनला काहीतरी करावंच लागतं अशी पहिली जागा शोधावी. समजा, ती तिसऱ्या पानावर सापडली: भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायला सुमन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आली आहे. मग कथा तिथूनच उघडून पाहावी:

‘“नंबर लागायच्या आत सह्या उरकून घे, ताई.” धाकट्यानं पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं. “कुठे करायच्या ते मी दाखवतो.” सुमननं पेन घेतलं, पण कागद त्याच्या हातातून ओढून घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. वडिलांच्या नावाआधी “मयत” असं टाइप केलेलं होतं.’

बहीण थोरली आहे, वडील गेलेत, भावाला घाई आहे. हे सगळं कळलं, पण सांगायला कुणी मध्ये आलं नाही. मुख्य म्हणजे तिनं कागद वाचायला घेतला. भावाला नको असलेली ही पहिली हालचाल आहे आणि पुढची कथा तिच्यातूनच निघणार आहे.

इथे एक चूक फार होते. काढून टाकलेली माहिती लेखक संवादात कोंबतो: “ताई, तुला माहीतच आहे, बाबा मागच्या वर्षी गेले आणि आपली आठ एकर जमीन...” जे दोघांनाही ठाऊक आहे, ते माणसं एकमेकांना सांगत नाहीत. दुसरी चूक म्हणजे किंकाळीनं किंवा अपघातानं सुरुवात करायची आणि नंतर ते स्वप्न होतं म्हणायचं. त्यानंतर वाचक लेखकावर विश्वास ठेवत नाही.

जमलं की नाही, हे तपासायला तेवढाच परिच्छेद कुणाला तरी वाचायला द्यावा आणि विचारावं: आपण कुठे आहोत, कुणाला काय हवंय, आणि आड काय येतंय? ‘पुढे काय असेल ते कळेलच’ असं उत्तर आलं, तर परिच्छेद अजून प्रसंगात उतरलेला नाही. निवेदकाचा आवाजच जबरदस्त असेल, तर प्रसंगाशिवायची सुरुवातही चालते; पण तो आवाज पहिल्याच वाक्यात ऐकू यायला हवा.

काढलेली वाक्यं जपून ठेवावीत. पुण्याचं सासर दुसऱ्या पानावर कामाला येईल, भाऊ चिडून म्हणेल तेव्हा: “तुला पुण्यात काय कमी आहे गं?”